हळद लागली, पण गुन्हा घडला का?

बीड जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत दोन बातम्या नेहमी दिसतात. पहिली स्थानिक गुन्हे शाखेची असते: दरोड्याच्या तयारीतली टोळी रात्री महामार्गालगत पकडली, कोयता, कटावणी, मिरचीपूड, दोरी जप्त. दुसरी महिला व बालविकास खात्याची असते: अमुक गावात बालविवाह रोखला. मंडप पडला होता, हळद लागली होती, वऱ्हाड निघाले होते. ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि पोलीस पोचले आणि पालकांकडून हमीपत्र घेतले.

पहिल्या बातमीतले लोक कोठडीत जातात, दुसऱ्या बातमीतले घरी. पहिल्या प्रकरणात दरोडा पडलेला नसतो आणि दुसऱ्यात लग्न लागलेले नसते, म्हणजे घडलेले दोन्हीकडे काहीच नाही. तरीही कायदा दोघांकडे इतक्या वेगळ्या नजरेने का पाहतो, हा या लेखाचा विषय आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) बीडमधल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 43.7 टक्के स्त्रियांचे लग्न 18 वर्षांआधी झालेले होते. राज्यात हेच प्रमाण 21.9 टक्के आहे. त्यामुळे हा प्रश्न या जिल्ह्यात दर लग्नसराईत दाराशी येतो.

फौजदारी कायद्यात गुन्ह्याचा प्रवास चार टप्प्यांचा मानतात. आधी मनात हेतू येतो, मग तयारी होते, मग प्रयत्न आणि शेवटी कृत्य पुरे होते. नुसत्या हेतूला शिक्षा नाही. तयारीलाही साधारणपणे नाही, कारण तयारी करणारा माणूस अजून मागे फिरू शकतो आणि कोयता विकत घेणारा प्रत्येक जण खून करायला निघालेला नसतो. कोयता हे ज्या जिल्ह्याचे पोट आहे, तिथे हे वेगळे सांगायला नको. शिक्षा सुरू होते ती प्रयत्नापासून. 1860च्या दंड संहितेत त्यासाठी कलम 511 होते; 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम 62 झाले. त्यानुसार प्रयत्नाला मूळ गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या निम्म्यापर्यंत शिक्षा आहे. कायद्यानेच दिलेले उदाहरण असे: चोरीसाठी एखाद्याच्या खिशात हात घातला आणि खिसा रिकामा निघाला, तरी प्रयत्न झालाच.

म्हणजे यश येणे गरजेचे नाही. याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण पुण्याचे आहे. 22 जुलै 1931 रोजी फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. छातीपाशी खिशात असलेल्या पाकिटाने गोळी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाने तो खुनाचा प्रयत्नच ठरवला: आरोपीने आपल्याकडून करायचे ते सारे केले होते, आड आले ते बाहेरचे कारण.

गोगटे यांच्या खटल्यात रेषा शोधावी लागली नाही, कारण चाप ओढून झाला होता. अवघड असतात ते मधले प्रसंग, आणि त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल समोरासमोर ठेवून वाचावेत.

पहिला मलकियत सिंग यांचा, 1968चा. ऑक्टोबर 1964मध्ये पंजाबातून भाताची 75 पोती भरलेला ट्रक दिल्लीकडे निघाला होता. परवान्याशिवाय भात पंजाबबाहेर नेण्यास बंदी होती. ट्रक समालखा नाक्यावर अडवला गेला. तेव्हाची दिल्लीची हद्द तिथून 14 मैल पुढे होती. चालकाजवळ दिल्लीच्या व्यापाऱ्याच्या नावाची चिठ्ठीही सापडली, म्हणजे माल कुठे चालला होता याविषयी फारशी शंका नव्हती. तरीही न्यायालयाने आरोपींना सोडले. उरलेल्या 14 मैलांत त्यांना कोणी सावध केले असते किंवा त्यांचे त्यांनाच वाटले असते, तर ते परत फिरू शकत होते. तोवरची कृती निरुपद्रवी होती. ही झाली तयारी.

दुसरा मोहम्मद याकूब यांचा, 1980चा, आणि तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला. 1968च्या सप्टेंबरमधल्या एका रात्री कस्टमचे अधिकारी एका जीपच्या आणि ट्रकच्या मागावर होते. दोन्ही गाड्या वसईजवळ कामणच्या खाडीपाशी थांबल्या. माल उतरवला जाऊ लागला तसे अधिकारी धावले आणि त्याच वेळी खाडीच्या बाजूने यांत्रिक होडीच्या इंजिनाचा आवाज आला. जीपमध्ये चांदीच्या 4 विटा निघाल्या, ट्रकमध्ये 24. दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली, सत्र न्यायालयाने सोडले आणि उच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली: चांदी होडीत चढलीच नव्हती, मग ही तयारीच नाही का? सर्वोच्च न्यायालयाने हे मानले नाही. रात्रीची वेळ, खाडीचा काठ, उतरवला जाणारा माल आणि बाजूला होडी, एवढे एकत्र आल्यावर या माणसांचा हेतू दुसरा काही असू शकत नाही. जी कृती हा हेतू उघड करते आणि गुन्ह्याच्या अगदी जवळ असते, ती प्रयत्नच.

या दोन निकालांत विसंगती आहे, असे वरवर वाटते. मला तसे वाटत नाही. दोन्हीकडे बाहेरच्यानेच अडवले होते, त्यामुळे ‘कोणी अडवले’ या प्रश्नाने काही उलगडत नाही. फरक आहे तो पुढे किती उरले होते याचा. समालख्यात 14 मैल उरले होते, कामणला काही हात. न्यायालय प्रत्येक प्रकरणात हेच मोजते: केलेल्या कृतीतून हेतू स्वतः बोलतो का, आणि गुन्ह्यापर्यंतचे उरलेले अंतर इतके कमी आहे का की मागे फिरण्याची शक्यता केवळ कागदावरची राहते.

ही मोजणी दर वेळी जमतेच असे नाही. मार्च 2025मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात, तिच्या पायजम्याची नाडी तोडून तिला पुलाखाली ओढू पाहणे हे बलात्काराच्या प्रयत्नाइतके नाही असे म्हटले, तेव्हा देशभर संताप उसळला आणि काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. हा संताप योग्यच होता. त्या मुलीच्या बाबतीत उरलेले अंतर 14 मैलांचे नव्हते, आणि ती वाचली ती ओरडा ऐकून लोक धावून आले म्हणून.

आता बीडच्या पहिल्या बातमीकडे वळू. दरोड्यासाठी कायद्याने रेषा मुद्दाम मागे ओढली आहे. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, आणि त्याची नुसती तयारीदेखील न्याय संहितेच्या कलम 310खाली 10 वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा आहे. दरोड्यासाठी नुसते जमणे हाही गुन्हा आहे. त्याला 7 वर्षांपर्यंत. दरोडा सुरू होईपर्यंत थांबले तर जीव जातील, हे त्यामागचे कारण. पण रेषा मागे ओढली की पुराव्याचे ओझे वाढते, हे तपासात अनेकदा विसरले जाते. बिहारमधल्या चतुरी यादव प्रकरणात रात्री एक वाजता शाळेच्या आवारात हत्यारांसह माणसे सापडली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1979मध्ये त्यांना सोडले. हत्यारे आहेत, रात्र आहे, हे खरे. पण ही माणसे दरोड्यासाठीच जमली होती हे कशावरून? खुनासाठी किंवा दुसऱ्या कशासाठी जमली असतील, ही शक्यता पुराव्याने दूर झाली नव्हती. जप्तीच्या यादीत कोयता आणि मिरचीपूड एवढेच असेल आणि कुठे, कोणावर, कसा दरोडा पडणार होता याचा एकही स्वतंत्र धागा नसेल, तर बातमी मोठी होते पण खटला उभा राहत नाही.

बीडमध्ये रेषा अशीच मागे ओढल्याचे दुसरे उदाहरण गर्भलिंगनिदानाचे आहे. 2011च्या जनगणनेत इथे सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 807 मुली होत्या, राज्यातला सर्वांत कमी आकडा. 2012चे परळीचे प्रकरण त्यानंतर राज्यभर गाजले. डॉक्टरने लिंग सांगितले हे सिद्ध करणे फार कठीण, कारण ते चार भिंतींत, अनेकदा एका खुणेने होते. म्हणून कायद्याने त्या क्षणाच्या बऱ्याच अलीकडे रेषा आखली: नोंदणी नसलेले सोनोग्राफी यंत्र वापरणे हाच गुन्हा, आणि तपासणीचा नमुना ‘एफ’ अपुरा भरणे हेही उल्लंघन. या तरतुदींना दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने 2019मध्ये फेटाळले आणि अपुरा नमुना ही कारकुनी चूक नव्हे, असे सांगितले.

दरोड्याची रेषा तयारीपर्यंत आली, लिंगनिदानाची यंत्रापर्यंत आणि कागदापर्यंत आली. बालविवाहाची कुठे आहे?

उदाहरण म्हणून एक प्रसंग कल्पू. केज तालुक्यातले गाव. मुलगी 15 वर्षांची, मुलगा 24चा. दिवाळीनंतर दोन्ही घरे ऊसतोडीला जाणार आहेत. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न झाले तर एक जोडी वाढते आणि वयात आलेल्या मुलीला मागे गावात एकटे ठेवण्याची काळजीही मिटते. साखरपुडा झाला. पत्रिका न छापता फोनवर निरोप गेले. मंडप, आचारी ठरले. सकाळी हळद लागली, दुपारी 12 वाजून 20 मिनिटांचा मुहूर्त. साडेअकराला कोणीतरी 1098वर फोन करतो आणि बाराला ग्रामसेवक पोलिसांसह मंडपात पोचतात. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला आहे, अक्षता वाटून झाल्या आहेत, भटजी अंतरपाट हातात घेऊन उभे आहेत.

कामणच्या खाडीचा निकाल इथे लावून पाहा. हेतूविषयी शंका उरते का? उरलेले अंतर 20 मिनिटांचे आहे. माझ्या मते हळद लागून वऱ्हाड मांडवाशी आले की तयारी संपली आणि प्रयत्न सुरू झाला. साखरपुडा किंवा मंडपाची सुपारी यांना मात्र मी तयारीच म्हणेन, कारण तिथून घरे मागे फिरल्याची उदाहरणे गावोगाव आहेत.

पण हा सारा युक्तिवाद इथे निरुपयोगी ठरतो, आणि या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. कलम 62चे शब्द बारकाईने वाचा. ते ‘या संहितेखाली’ शिक्षापात्र असलेल्या गुन्ह्यांच्या प्रयत्नापुरतेच आहे. जुन्या कलम 511चेही तसेच होते. बालविवाह हा संहितेतला गुन्हा नाही, तो 2006च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यातला आहे. विशेष कायद्यातल्या गुन्ह्याचा प्रयत्न शिक्षापात्र व्हायचा तर त्या कायद्यानेच तसे म्हणावे लागते. जीवनावश्यक वस्तू कायद्याने म्हटले आहे, कस्टम कायद्याने म्हटले आहे, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने कलम 18मध्ये म्हटले आहे. बालविवाह प्रतिबंध कायद्याने म्हटलेले नाही. भाताची पोती आणि चांदीच्या विटा यांच्यासाठी प्रयत्नाचा गुन्हा लिहिलेला आहे. अंतरपाटाआड उभ्या केलेल्या मुलीसाठी नाही.

त्या कायद्यात काय आहे? कलम 9 बालविवाह करणाऱ्या प्रौढ पुरुषासाठी, कलम 10 तो लावणाऱ्या किंवा त्यास चिथावणी देणाऱ्या व्यक्तीसाठी, कलम 11 पालक आणि हजर राहणाऱ्यांसाठी. तिन्हींत दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड; कलम 11खाली मात्र स्त्रीला कैद नाही. कलम 11 प्रोत्साहन देणाऱ्या कोणत्याही कृतीला शिक्षा सांगते, म्हणून ते रुंद वाटते. पण त्याची सुरुवातच ‘बालकाने विवाह केला असेल तेव्हा’ अशा अटीने होते. लग्न लागले नाही तर ते दार उघडतच नाही.

लग्न लागले म्हणजे नेमके काय, हाही वाद आहेच. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1965च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या लग्नाबद्दलची शिक्षा रद्द केली, कारण आवश्यक विधी झाल्याचे किंवा त्या जातीत रूढीने ते वगळले गेल्याचे सिद्ध झाले नव्हते. बालविवाहाच्या खटल्यातही बचावाचा वकील हेच म्हणेल: अक्षता पडल्या असतील, पण सप्तपदी झाली नव्हती. म्हणजे हळदीपासून शेवटच्या विधीपर्यंतचा सगळा पट्टा गुन्ह्याबाहेर राहू शकतो.

मग काहीच करता येत नाही का? येते, आणि तीन वाटा आहेत.

एक कटाची. न्याय संहितेत कट आणि चिथावणी यांची कलमे मात्र विशेष कायद्यांतल्या गुन्ह्यांनाही लागू होतात. बालविवाह करण्याचे दोघांत ठरले की कट पुरा होतो, लग्न होण्याची गरज नाही. शिक्षा फार तर सहा महिने. पण या वाटेने सोयरीक जुळवायला बसलेली सारी भावकी आरोपी होते, साक्षीला गावात कोणी उरत नाही आणि मुलीला परत जायला घर राहत नाही. एखादा दलाल पैसे घेऊन मुली मिळवून देत असेल तिथे ही कलमे जरूर लावावीत. कर्जाने आणि काळजीने दबलेल्या आई-बापांवर लावण्याने मुलीचे भले होईल, असे मला वाटत नाही.

दुसरी वाट बाल न्याय कायद्याची. वयाआधी लग्न होण्याचा नजीकचा धोका असलेले मूल हे त्या कायद्याच्या व्याख्येतच काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे. मुलीला बालकल्याण समितीपुढे नेता येते आणि त्यासाठी प्रयत्न की तयारी हा प्रश्न विचारावाच लागत नाही.

तिसरी वाट सर्वांत भक्कम आहे आणि बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम 13मध्ये आहे. विवाह ‘ठरला आहे’ किंवा ‘होऊ घातला आहे’ एवढ्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी मनाई हुकूम देऊ शकतात. बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याच्या अर्जावर, कोणत्याही व्यक्तीच्या तक्रारीवर किंवा विश्वासार्ह माहितीवरून स्वतःहूनही. एरवी समोरच्याला नोटीस द्यावी लागते, पण घाई असेल तर नोटिशीशिवाय अंतरिम हुकूम निघतो. इथे कायदा तयारीला हात घालतो, मात्र तिला गुन्हा न म्हणता. हुकूम निघाल्यावर तो माहीत असूनही मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, आणि कलम 14नुसार हुकूम मोडून लागलेले लग्न मुळातूनच शून्य. एरवीचा बालविवाह बहुतेक वेळा नुसता रद्द करण्याजोगा असतो आणि त्यासाठी मुलीला स्वतः न्यायालयाची पायरी चढावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या हुकमाचे वजन कळेल.

हमीपत्राला यातले काहीच बळ नाही. त्याच कुटुंबाने रात्री गाडी करून मुलीला दुसऱ्या तालुक्यातल्या मावशीच्या गावी नेले आणि पहाटे देवळात अक्षता टाकल्या, तर हमीपत्र मोडल्याबद्दल वेगळी शिक्षा नाही. आधी ते लग्न शोधावे लागते, मग सिद्ध करावे लागते. म्हणून मंडपात पोचलेल्या ग्रामसेवकाने हमीपत्र घेऊन थांबू नये. त्याच दिवशी तालुक्याच्या न्यायालयात अर्ज द्यावा आणि हुकमात नुसते ‘हा विवाह’ न मागता ‘मुलगी सज्ञान होईपर्यंत कोणाशीही, कुठल्याही ठिकाणी’ असे शब्द मागावेत. पंचनाम्यात मुलीच्या अंगावरची हळद, बाशिंग, मुहूर्ताची वेळ, भटजीचा आणि आचाऱ्याचा जबाब, फोनवरच्या निमंत्रणाचे छायाचित्र यावे. वयासाठी शाळेचा दाखला किंवा जन्मनोंद लागेल. आधारवरची तारीख पुरेशी नाही. ऊसतोडीमुळे शाळा बदलत गेलेल्या मुलींचा दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून तो शोध पहिल्या तासातच सुरू व्हावा.

कायद्यातली मोकळी जागा भरण्याचे काम संसदेचे आहे. 18 ऑक्टोबर 2024च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बालवयातल्या वाङ्निश्चयावर हा कायदा गप्प आहे याकडे लक्ष वेधले आणि अशा वाङ्निश्चयावर बंदी घालण्याचा विचार संसदेने करावा, असे सुचवले. त्याच निकालात शिक्षेपेक्षा प्रतिबंधावर भर देण्यासही सांगितले. माझे मत असे की साखरपुड्याला तुरुंगापर्यंत नेऊ नये, त्याला मनाई हुकमाची तरतूद पुरते. पण वऱ्हाड मांडवाशी आल्यानंतरच्या टप्प्यासाठी पॉक्सोच्या कलम 18सारखे एक प्रयत्नाचे कलम या कायद्यात घालावे. लग्न लावायला उभा राहिलेला प्रौढ नवरदेव आणि दलाल यांच्यापुरते ते मर्यादित ठेवले तरी चालेल.

तोवर एक गोष्ट वाचकाच्या हातात आहे. लग्नाचे बोलावणे आले आणि मुलगी लहान असल्याची शंका आली, तर मुहूर्ताच्या दिवशी नव्हे, बोलावणे आले त्याच दिवशी 1098वर कळवा. मनाई हुकूम निघायला निदान एक कामाचा दिवस हातात असावा लागतो. आणि कळवायचे नसेल, तरी अक्षता टाकायला जाऊ नका: लग्न लागले तर कलम 11मध्ये हजर राहणाराही आरोपी आहे.